अध्यादेश, नायब राज्यपाल आणि दोन वह्या

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०२२ साली सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात एक प्रश्न आला. राज्यपालांना अध्यादेश काढायचा असेल तर कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि विधिमंडळापुढे न ठेवताच तो पुन्हा पुन्हा काढला तर ते कायद्यात बसतं का, असा त्याचा आशय होता. पेपर संपल्यावर मुलांचं पहिलं बोलणं ठरलेलं असतं: हा कुठल्या बातमीवरचा होता? त्या दिवशीही तेच झालं. कुणी एका राज्याचं नाव घेतलं, कुणी दुसऱ्या. वर्षभराची मासिकं मनातल्या मनात चाळून झाली, पण नेमकी बातमी कुणालाच सापडेना.

या प्रश्नाचं उत्तर बातमीत नव्हतंच. ते पुण्यात, डेक्कनजवळच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत चाळीस वर्षांपूर्वी तयार झालं होतं. तिथले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनव्यवस्थेचा अभ्यास करत होते. त्या कामात त्यांच्या लक्षात आलं की बिहारमध्ये बरेचसे कायदे हे कायदे नाहीतच, ते अध्यादेश आहेत. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले, आणि त्यांतले काही पुन्हा पुन्हा काढून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. वाधवांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही प्रथा म्हणजे राज्यघटनेची फसवणूक आहे असा निकाल दिला. पुढे जानेवारी २०१७ मध्ये कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक गोष्ट पक्की केली: अध्यादेश विधिमंडळापुढे ठेवणं ही औपचारिकता नाही, ते बंधन आहे. अनुच्छेद २१३, हे दोन निकाल आणि विधिमंडळाची बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांची मुदत, एवढ्यावर २०२२ चं उत्तर पूर्ण होतं. ज्याने ते २०१७ मध्ये लिहिलं असतं त्याला त्यातला एक शब्दही बदलावा लागला नसता.

आता २०१५ चा पेपर काढा. त्यातही अध्यादेशावर प्रश्न आहे: वारंवार अध्यादेश काढल्याने सत्ताविभाजनाच्या तत्त्वाला धक्का बसतो अशी चिंता नेहमी व्यक्त होते, त्याची मीमांसा करा. प्रश्नात ‘अलीकडे’ हा शब्द नाही, पण तो बातमीवरच उभा होता. भूसंपादन कायद्यात बदल करणारा केंद्राचा अध्यादेश ३१ डिसेंबर २०१४ ला निघाला. एप्रिल २०१५ मध्ये तो पुन्हा काढला गेला, मेमध्ये तिसऱ्यांदा, आणि ऑगस्टअखेर तो विरून गेला. म्हणजे एकाच विषयाचे दोन प्रश्न, सात वर्षांच्या अंतराने. एक चालू घडामोडीतून आलेला, दुसरा थेट पाठ्यपुस्तकातून. दोन्हीखालची जमीन मात्र एकच.

अभ्यासिकांच्या भाषेत या जमिनीला ‘स्टॅटिक’ म्हणतात आणि वरून येणाऱ्या गोष्टीला ‘करंट’. शब्द सगळ्यांना माहीत असतात. गडबड होते ती वेगळं काढताना. बहुतेक मुलं पुस्तकांवरून वेगळं काढतात: राज्यव्यवस्थेचं जाड पुस्तक म्हणजे स्टॅटिक, मासिक आणि वर्तमानपत्र म्हणजे करंट. मी कित्येक वर्षं सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे. या पद्धतीने तयारी केलेली उत्तरपत्रिका पहिल्या पानावर ओळखू येते. तिच्यात उत्तराचे दोन तुकडे असतात. वर अनुच्छेदांची माळ, खाली ‘नुकतेच’ ने सुरू होणारा परिच्छेद, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नसते. वेगळं काढायचं ते पुस्तकावरून नव्हे, प्रश्नावरून, आणि त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकांइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

या प्रकरणात मी एकच विषय घेतो: केंद्र आणि राज्य यांचे संबंध. दुसऱ्या पेपरात तो जवळजवळ दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. सामान्य अध्ययनाचे चार पेपर ही रचना २०१३ पासून आहे, म्हणून २०१३ ते २०२४ या बारा प्रश्नपत्रिका समोर ठेवू.

प्रत्येक प्रश्न वाचताना त्याचे तीन भाग पेन्सिलीने वेगळे करायचे. पहिला भाग पाया, म्हणजे कोणती तरतूद किंवा कोणतं तत्त्व माहीत नसेल तर उत्तर सुरूच होणार नाही. दुसरा भाग निमित्त: हा प्रश्न याच वर्षी का आला. तिसरा भाग मागणी: परीक्षकाला वर्णन हवं आहे, दोष हवेत, की तुमचं मत. मागणीचं वेगळं प्रकरण पुढे आहे. इथे पहिल्या दोन भागांपुरतं बोलू.

२०१३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या निर्देशांमुळे नागांना आपला विशेष दर्जा धोक्यात आल्यासारखा वाटतो, असा प्रश्न होता. त्याचा पाया अनुच्छेद ३७१अ, निमित्त मंत्रालयाचे निर्देश. २०१५ मध्ये सहकारी संघराज्यवादाचा अलीकडे जोरात पुरस्कार होतो आहे, सध्याच्या रचनेतले दोष सांगा, असं विचारलं. पाया सातवी अनुसूची, आंतरराज्य परिषद, वित्त आयोग. निमित्त त्याच वर्षाच्या सुरुवातीला नियोजन आयोगाच्या जागी आलेला नीती आयोग. २०२० मध्ये केंद्राकडे झुकणाऱ्या प्रवृत्तीचं विवेचन साथरोग कायदा १८९७, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि नुकतेच झालेले शेती कायदे यांच्या संदर्भात करायला सांगितलं. इथे निमित्तं प्रश्नातच लिहून दिली आहेत. पाया २०१४ च्या एका प्रश्नाचाच आहे, तो प्रश्नही भारतीय संघराज्य बलवान केंद्राकडे झुकलेलं आहे याबद्दल होता. सहा वर्षांत जमीन तीच राहिली, तिच्यावर करोना आणि शेती कायदे येऊन उभे राहिले.

असं करत गेलं की बारा वर्षांतले या विषयावरचे प्रश्न सहा-सात पायांवर येऊन बसतात: कायदे करण्याच्या अधिकाराची वाटणी, राज्यपाल, पैशांची वाटणी, दिल्लीसारखे विशेष दर्जाचे केंद्रशासित प्रदेश, काही राज्यांसाठी असलेल्या ३७१ च्या खास तरतुदी, पाणीतंटे आणि आंतरराज्य परिषद, आणि केंद्राच्या तपास यंत्रणा व आणीबाणीचे अधिकार. निमित्तं मात्र दर साल वेगळी. आधी पाया शिकायचा तो या सहा-सात ठिकाणी, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे नव्हे. पुस्तकात जम्मू-काश्मीरला जितकी पानं असतात तितकी विक्रीकराच्या इतिहासालाही असतात. प्रश्नपत्रिका पानं मोजत नाही.

निमित्ताबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. सर्वांत मोठी बातमी म्हणजे हमखास प्रश्न, असं समजून मुलं महिनेच्या महिने एका बातमीमागे लागतात. ५ ऑगस्ट २०१९ ला अनुच्छेद ३७० बद्दलचा निर्णय झाला. त्या वर्षीचा दुसरा पेपर सप्टेंबरमध्ये होता आणि त्यात ३७० वर थेट प्रश्न नव्हता. तो २०१६ मध्येच येऊन गेला होता: हे कलम ‘तात्पुरतं’ म्हटलं आहे ते कितपत तात्पुरतं, आणि त्याचं भवितव्य काय. उलट, दिल्लीच्या नायब राज्यपालांबद्दलचा निकाल ४ जुलै २०१८ ला लागला आणि त्या वर्षाच्या मुख्य परीक्षेत तीन महिन्यांच्या आत त्यावर प्रश्न आला, तोही प्रश्नातच ‘जुलै २०१८’ असं लिहून. बातमीच्या आकारावरून निमित्त ओळखता येत नाही. त्या बातमीखाली आधीच विचारला गेलेला पाया आहे का, ही खूण जास्त विश्वासाची. दिल्लीच्या बाबतीत तो पाया २०१६ मध्ये विचारून झाला होता.

दिल्लीचा हा धागा सावकाश सोडवून पाहू, कारण पाया आणि निमित्त यांच्यामधली रेषा कशी सरकते ते त्यात स्वच्छ दिसतं.

पाया असा. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २३९अअ आणलं. दिल्लीला विधानसभा आणि मंत्रिमंडळ मिळालं, पण राज्याचा दर्जा मिळाला नाही. राज्यसूचीतले सार्वजनिक सुव्यवस्था, पोलिस आणि जमीन हे तीन विषय विधानसभेच्या हातात नाहीत. नायब राज्यपाल आणि मंत्रिमंडळ यांचं एखाद्या बाबीवर जमलं नाही, तर नायब राज्यपाल ती बाब राष्ट्रपतींकडे पाठवू शकतात. भांडणाचं बी या शेवटच्या वाक्यात आहे. ‘एखाद्या बाबीवर’ म्हणजे कधी तरी, का प्रत्येक वेळी?

२०१५ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या नायब राज्यपालांकडे ठेवल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासनाचे प्रमुख नायब राज्यपालच, असं म्हटलं. त्या वर्षीची मुख्य परीक्षा डिसेंबरमध्ये झाली आणि प्रश्न आला: ६९ व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्यं सांगा, आणि तिच्यातल्या कोणत्या विसंगतींमुळे हे वाद उभे राहिले ते लिहा. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की ते तीन विषय सोडले तर नायब राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, आणि ‘कोणतीही बाब’ याचा अर्थ ‘प्रत्येक बाब’ असा होत नाही. लगेच प्रश्न आला: या निकालाने हा तंटा मिटेल का?

त्या वर्षी सराव परीक्षेत अनेकांनी ‘हो, मिटेल’ असं ठामपणे लिहिलं होतं. निकाल ताजा होता आणि वर्तमानपत्रांचे मथळे तसेच होते. पण निकालात अधिकाऱ्यांच्या सेवांचा मुद्दा उरलाच होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठात त्यावर मतभेद झाला. २०२१ मध्ये संसदेने दिल्लीच्या कायद्यात दुरुस्ती केली. ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सेवा दिल्ली सरकारकडे असल्याचं सांगितलं, आठ दिवसांत, १९ मेला, केंद्राने अध्यादेश काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. महाराष्ट्रातल्या वाचकांना ११ मे २०२३ ही तारीख दुसऱ्या कारणाने आठवत असेल. त्याच दिवशी, पाच न्यायाधीशांच्याच पीठाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल दिला आणि राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगण्याचा निर्णय योग्य नव्हता असं म्हटलं. आणखी एक निमित्त, आणि पाया पुन्हा राज्यपालांच्या विवेकाधिकाराचा.

या सगळ्या तारखांतून वहीत काय राहायला हवं? अनुच्छेद २३९अअ आणि तीन वगळलेले विषय कायम. २०१८ च्या निकालातलं तत्त्व, म्हणजे सल्ला बंधनकारक आणि राष्ट्रपतींकडे धाव हा अपवाद, आता पायात गेलं आहे. जुलै २०१८ मध्ये ते निमित्त होतं. आज ते जमीन आहे. पण सेवा कोणाकडे, हे उत्तर कधीच पायात टाकू नका. मे २०२३ मध्ये ते आठ दिवसांत उलटं झालं.

म्हणून मी मुलांना दोन वह्या ठेवायला सांगतो, आणि त्यातली एक वही नसतेच, सुट्या पानांची फाईल असते. बांधीव वहीत वर सांगितलेले सहा-सात पाये, प्रत्येकाला दोन-तीन पानं. सुट्या पानांवर निमित्तं, एका पानावर एकच, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी: शेवटचा बदल कोणत्या तारखेला केला, आणि हे पान बांधीव वहीतल्या कोणत्या पानावर उभं आहे. दुसरी जागा रिकामी राहत असेल तर थांबायचं. एक तर पाया शिकायचा राहून गेला आहे, किंवा ती बातमी या पेपराची नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कराचे बहुतेक दर पाच आणि अठरा टक्क्यांवर आले. अर्थव्यवस्थेसाठी, म्हणजे तिसऱ्या पेपरासाठी ती मोठी गोष्ट आहे. संघराज्याच्या पानावर दरांचा तक्ता उतरवला तर तो तिथे काहीच करत नाही. तिथे या कराच्या परिषदेत मतदान कसं चालतं हे हवं: केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्राशिवाय राज्यांचं चालत नाही आणि बऱ्याच राज्यांशिवाय केंद्राचंही.

याच करावरचे दोन प्रश्न शेजारी ठेवले की पाया आणि निमित्त यांचं आणखी एक नातं दिसतं. २०१७ मध्ये विचारलं होतं: १०१ व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्यं सांगा, करावर कर बसण्याचा प्रकार ती थांबवेल का? २०२३ मध्ये विचारलं: त्याच घटनादुरुस्तीचं महत्त्व सांगा, संघराज्याची सामावून घेणारी वृत्ती तिच्यात कितपत दिसते? पाया अक्षरशः तोच. २०१७ मध्ये कर १ जुलैला नुकताच लागू झालेला होता, म्हणून प्रश्न पुढे बघणारा होता. २०२३ पर्यंत राज्यांना भरपाई देण्याची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली होती, आणि मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, त्यांचं मूल्य पटवून देण्यापुरतं आहे, असं सांगितलं होतं. आता प्रश्न मागे वळून हिशेब मागणारा झाला. ज्याच्या वहीत २०१७ चं तयार उत्तर होतं त्याने २०२३ मध्ये करावर कर कसा बसतो हे अर्धं पान लिहिलं आणि संघराज्याला दोन ओळी दिल्या. जुना प्रश्न परत येतो हे खरं, पण तो तसाच येत नाही. पाठ करण्यासारखा असतो तो पाया. उत्तर पाठ केलं तर घात होतो.

एक उत्तर आता प्रत्यक्ष बांधून पाहू. २०२१ चा प्रश्न: राज्यात गुन्हा नोंदवून तपास करण्याच्या केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अधिकारावर राज्यं प्रश्नचिन्ह उभं करत आहेत, पण संमती नाकारण्याचा राज्यांचा अधिकार अनिर्बंध नाही, भारताच्या संघराज्य स्वरूपाच्या संदर्भात स्पष्ट करा. शब्दमर्यादा २५०, गुण १५. तीन तासांत वीस उत्तरं, दहा गुणांची दहा आणि पंधरा गुणांची दहा. दहा गुणांच्या उत्तराला सात मिनिटं दिली तर पंधरा गुणांच्या उत्तराला अकरा उरतात. या अकरा मिनिटांत आठवत बसायला वेळ नसतो. बांधीव वहीतलं हाताशी असलं पाहिजे.

पाया: पोलिस हा राज्यसूचीतला विषय. एका राज्याच्या पोलिसांचे अधिकार दुसऱ्या राज्यात वाढवता येतात, पण त्या राज्याच्या संमतीशिवाय नाही, असं संघसूचीतली ८० वी नोंदच सांगते. केंद्रीय अन्वेषण विभाग ज्यावर उभा आहे तो दिल्ली विशेष पोलिस आस्थापना कायदा १९४६ चा; त्याच्या कलम ६ मध्ये राज्याची संमती लागते. संमती दोन तऱ्हेची असते: एकदाच दिलेली सर्वसाधारण, आणि प्रत्येक प्रकरणापुरती. सर्वसाधारण संमती मागे घेतली म्हणजे दर वेळी विचारावं लागतं. प्रश्नातल्या ‘अनिर्बंध नाही’ या शब्दांचं उत्तरही पायातच आहे: २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं राज्याच्या संमतीशिवायही असा तपास सोपवू शकतात, मात्र हा अधिकार जपून आणि अपवादानेच वापरायचा. शिवाय संमती मागे घेतली तरी आधी सुरू झालेला तपास बंद पडत नाही.

निमित्त: ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सर्वसाधारण संमती मागे घेतली, इतरही काही राज्यांनी त्या काळात तसंच केलं. महाराष्ट्रातल्या मुलाला हे उदाहरण घरचंच आहे, आणि तपासणाऱ्यालाही ते नेमकं वाटतं, कारण त्यात महिना आणि वर्ष आहे.

मी हे उत्तर असं लिहीन. सुरुवातीच्या तीस-पस्तीस शब्दांत पोलिस हा राज्याचा विषय आणि कलम ६ हे थेट सांगायचं. विभागाचा इतिहास नको. मग सत्तर शब्दांत राज्यं आक्षेप का घेतात, आणि महाराष्ट्राचं उदाहरण इथेच. पुढचे शंभर शब्द अधिकाराच्या मर्यादांना: २०१० चा निकाल, चालू तपास, आणि केंद्राचे कर्मचारी व आंतरराज्य गुन्ह्यांच्या बाबतीत उभी राहणारी अडचण. उरलेल्या चाळीस-पन्नास शब्दांत संघराज्याचा मुद्दा: राज्याची संमती ही अधिकारांच्या वाटणीतून आलेली आहे, आणि तिच्यावरचा अंकुश सरकारकडे नसून न्यायालयाकडे आहे. मोजून पाहा. २५० शब्दांपैकी निमित्ताला पन्नासही मिळाले नाहीत. बाकी सगळं बांधीव वहीतून आलं.

आता हाच प्रश्न पुन्हा आला असं समजा. सुट्या पानावर दोन ओळी वाढतात: ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने संमती परत दिली, आणि जुलै २०२४ मध्ये पश्चिम बंगालने याच मुद्द्यावर केंद्राविरुद्ध केलेला दावा चालवण्याजोगा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. २०२२ ची ओळ वाढवली नसेल तर ‘महाराष्ट्राने संमती काढून घेतली आहे’ हे वाक्य चुकीचं ठरतं, आणि महाराष्ट्रातल्या उमेदवाराने तशी चूक केली की ती फार खुपते. शिळ्या पानाची खूण क्रियापदात असते. ‘आहे’ असं लिहिलेलं प्रत्येक वाक्य परीक्षेआधी एकदा तपासायचं. ‘ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली होती’ असं लिहिलेलं वाक्य कधीच शिळं होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ची तीच गोष्ट आहे. २०१३ च्या पेपरात त्यावर प्रश्न होता, मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द झालं, आणि तरी पुढे काही वर्षं ते लागू असल्यासारखं लिहिलेली उत्तरं माझ्याकडे येत होती. जुन्या तयार नोट्स विकत घेतल्या की त्यांच्यासोबत त्यांचा वर्तमानकाळही घरी येतो.

एखादी गोष्ट सुट्या पानावरून बांधीव वहीत केव्हा न्यायची, हा सगळ्यात अवघड निर्णय. राज्यपालांकडे अडकलेल्या विधेयकांचा प्रश्न याचं ताजं उदाहरण. अनुच्छेद २०० राज्यपालांना संमती देणं, ती रोखणं किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं हे पर्याय देतं, आणि परत पाठवायचं तर ‘शक्य तितक्या लवकर’ असं म्हणतं. हा पाया. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाबच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की राज्यपाल विधेयक अनिश्चित काळ दाबून ठेवू शकत नाहीत. ८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांनी थेट मुदती घालून दिल्या आणि दहा विधेयकांना संमती मिळाली असं मानलं. त्या आठवड्यात अनेकांनी या मुदती बांधीव वहीत शाईने लिहिल्या. मेमध्ये राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली न्यायालयाचं मत मागवलं, आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांनी मत दिलं की न्यायालयाला अशा मुदती घालता येत नाहीत आणि मानीव संमतीही देता येत नाही, मात्र कारण न देता लांबलेल्या विलंबात न्यायालय मर्यादित दखल घेऊ शकतं. माझा नियम यातूनच बनला आहे: मोठ्या पीठाचा निकाल लागेपर्यंत, किंवा कायदा होऊन एक परीक्षा उलटेपर्यंत, पान सुटंच ठेवायचं. उत्तरात त्याची साखळी द्यायची, निष्कर्ष नव्हे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांपुढे वेगळी अडचण आहे. आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेली वर्णनात्मक पद्धत, पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर, २०२५ च्या परीक्षेपर्यंत पुढे गेली. त्यामुळे बारा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे नाहीत. केंद्रीय आयोगाच्या प्रश्नपत्रिकांतून पाया उचलायला हरकत नाही, घटना एकच आहे. निमित्तं मात्र उसनी आणू नयेत. ३७१ च्या पायावर केंद्रीय आयोगाने २०१३ मध्ये नागालँड विचारलं. महाराष्ट्राच्या सुट्या पानावर ३७१(२) हवं. त्या पानाचा पाया १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत आहे: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं, आणि निधीच्या समन्यायी वाटपाची राज्यपालांवरची विशेष जबाबदारी. त्याच्याही मागे १९५३ चा नागपूर करार. निमित्ताच्या बाजूला १९९४ मध्ये स्थापन झालेली मंडळं, ३० एप्रिल २०२० ला संपलेली त्यांची मुदत आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या पुनर्रचनेचा राज्य मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय. त्याखाली थोडी जागा रिकामी ठेवायची, आणि अनुशेष या शब्दापाशी बांधीव वहीतल्या त्या पानाचा क्रमांक टाकायचा जिथे १९८४ चा सत्यशोधन समितीचा अहवाल आहे. त्या समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर होते, आणि तेही गोखले संस्थेतलेच.